सलग 9 तोटे आणि उरलेले 52

माझ्या ट्रेडिंग खात्यात नेमकी किती रक्कम होती याला इथे महत्त्व नाही, म्हणून सुरुवातीचं भांडवल 100 धरते आणि सगळे आकडे त्याच मापात सांगते. 17 सौद्यांनंतर त्या 100 चे 52 उरले होते. त्या 17 सौद्यांची यादी मी नंतर इतक्या वेळा उलगडून पाहिली आहे की ती मला पाठ आहे.

माझी पद्धत साधी होती. किंमत एका ठरावीक पट्ट्याच्या बाहेर गेली की एंट्री घ्यायची, तोटा ठरावीक भावाला थांबवणारा स्टॉपलॉस लावायचा, आणि स्टॉपलॉसच्या अंतराच्या दुप्पट नफा मिळाला की बाहेर पडायचं. जुन्या नोंदींवर तपासलं तेव्हा 100 पैकी साधारण 40 सौदे जिंकत होते. 40 वेळा 2 मिळतात आणि 60 वेळा 1 जातो, म्हणजे प्रत्येक सौद्यामागे सरासरी 0.2 हाती राहतं. फार मोठा फायदा नाही, पण खरा होता, आणि त्याच्या जोरावर मी प्रत्येक सौद्यात 4 ची जोखीम घ्यायचं ठरवलं. स्टॉपलॉस लागला तर 4 जातील, लक्ष्य लागलं तर 8 येतील.

पहिले दोन सौदे गेले आणि खातं 92 वर आलं. तिसरा लागला आणि पुन्हा बरोबर 100. त्यानंतर चार गेले, 84. आठवा लागला, 92. त्या दिवशी मला वाटलं की आता गाडी रुळावर आली. पुढचे सातही सौदे गेले आणि खातं 64 वर येऊन थांबलं.

इथे मी जे केलं ते मला अजूनही बोचतं. 36 भरून काढायला 4 च्या जोखमीवर पाच जिंकणारे सौदे लागणार होते. 6 ची जोखीम घेतली तर तीनच पुरणार होते. म्हणून मी पुढच्या सौद्याचा आकार दीडपट केला. तो गेला, खातं 58 वर आलं. तेवढ्याच आकाराने आणखी एक घेतला. तोही गेला. 52.

मग मी सौदे बंद केले आणि ताईला फोन केला. ती हिशेबतपासणीच्या कामात आहे, बाजारात तिला काही रस नाही. मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "48 टक्के गेले, आता 48 टक्के कमवायचे आहेत."

ती म्हणाली, "थांब. 52 वर 48 टक्के म्हणजे किती होतात ते काढ आधी."

25 होतात. 52 आणि 25 मिळून 77. मी गप्प झाले. 100 ला पोहोचायला मला 52 वर 48 कमवायचे होते, म्हणजे 92 टक्के. हे गणित मला येत नव्हतं असं नाही, शाळेतलंच आहे. पण तोटा होत असताना मी तो नेहमी सुरुवातीच्या 100 वर मोजत होते आणि भरपाईसुद्धा मनातल्या मनात त्याच 100 वर मोजत होते. पाया आकसत गेला होता आणि माझं माप जुनंच होतं.

ताईने दुसरा प्रश्न विचारला. "शेवटचे दोन सौदे होते तेव्हा हातात होते 64 आणि 58. तू 6 लावलेस. ते किती टक्के झाले?"

64 वर 6 म्हणजे 9.4 टक्के. 58 वर 6 म्हणजे 10.3 टक्के. सुरुवात 4 टक्क्यांनी केली होती. आणि आकार वाढवायच्या आधी, मी आपली 4 वरच टिकून आहे अशी माझी समजूत होती तेव्हाही, 68 असताना घेतलेल्या सौद्यात 4 म्हणजे 5.9 टक्के पडत होते. शिस्त पाळते आहे असं मला वाटत होतं, आणि प्रत्येक तोट्यानंतर माझी जोखीम आपोआप वाढत होती. तोट्यानंतर आकार तसाच ठेवणं म्हणजे जोखीम तशीच ठेवणं नव्हे, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा नीट कळलं.

त्या 10.3 टक्क्यांना आणखी एक अर्थ आहे. 1956 साली बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी एक सूत्र मांडलं. त्यावरून माझ्यासारख्या पद्धतीची कमाल मर्यादा काढता येते. जिंकण्याची शक्यता 40 टक्के आणि नफा तोट्याच्या दुप्पट असेल, तर 0.4 मधून 0.6 भागिले 2 वजा करायचं. उत्तर 0.1, म्हणजे भांडवलाच्या 10 टक्के. त्यापुढे प्रत्येक जादा टक्क्याने चढउतार वाढतो आणि दीर्घकालीन वाढ मात्र कमी होत जाते. 20 टक्क्यांपाशी, पद्धत फायद्याची असूनही, वाढ जवळजवळ शून्यावर येते. हीसुद्धा 40 टक्के हा आकडा खरा आहे असं धरून काढलेली मर्यादा. शेवटच्या सौद्यात मी ती ओलांडली होती.

पुढचे काही दिवस मी एकही सौदा घेतला नाही, फक्त स्प्रेडशीट उघडून बसले. एका रकान्यात प्रत्येक सौद्यानंतरची शिल्लक लिहिली आणि शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाकलं:

```
=(MAX(B$2:B2)-B2)/B2
```

आतापर्यंतचं शिखर वजा आजची शिल्लक, भागिले आजची शिल्लक. शिखर परत गाठायला किती टक्के कमाई लागेल ते यातून मिळतं. नेहमीच्या ड्रॉडाऊनमध्ये, म्हणजे शिखरापासूनच्या घसरणीच्या मापात, भागाकार शिखराने होतो, इथे शिलकीने. दोन रकाने शेजारी ठेवले की फरक डोळ्यात भरतो. 10 टक्के पडझडीला 11 लागतात, 20 ला 25, 30 ला 43, 40 ला 67 आणि 50 ला 100. मी मात्र या आकड्यांपेक्षा त्यांच्यातल्या फरकांकडे जास्त वेळ पाहत राहिले. 90 वरून 80 वर येताना भरपाईची गरज 14 टक्क्यांनी वाढते. 60 वरून 50 वर येताना ती 33 टक्क्यांनी वाढते. दोन्ही वेळा गेलेले 10 च. म्हणजे खड्ड्यात असताना झालेला तोटा वर असताना झालेल्या तेवढ्याच तोट्यापेक्षा महाग पडतो, आणि मी माझे सगळ्यात मोठे सौदे नेमके खड्ड्याच्या तळाशी घेतले होते.

(जगातल्या मोठ्या पडझडींनाही हाच हिशेब लागू होतो. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक 1929 मध्ये 381 वर होता, जुलै 1932 मध्ये 41 वर आला. 89 टक्के पडझड. 41 वरून 381 म्हणजे 800 टक्क्यांहून जास्त वाढ, आणि त्या पातळीला तो 1954 च्या नोव्हेंबरमध्ये परत पोहोचला.)

मग मी तेच 17 सौदे, त्याच क्रमाने, दोन वेगळ्या नियमांनी पुन्हा मांडले. निकाल तेच ठेवले, फक्त आकार बदलला.

पहिला नियम असा की दर वेळी हातात असलेल्या शिलकीच्या 4 टक्केच लावायचे. 92 असतील तर 3.68, 70 असतील तर 2.80. शेवटी उरले 63.2 आणि भरपाईची गरज 58 टक्के. नुसता पाया सांभाळला तरी 92 ची 58 झाली.

दुसऱ्या नियमात मी पायऱ्या घातल्या. शिल्लक शिखराच्या 90 टक्क्यांच्या खाली गेली की जोखीम 2 टक्के, 80 टक्क्यांच्या खाली गेली की 1 टक्का, आणि त्या पातळ्यांच्या वर आली की परत पहिल्यासारखी. ही कल्पना माझी नाही. अमेरिकन ट्रेडर रिचर्ड डेनिस यांनी 1983 मध्ये काही नवख्यांना सौद्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यांना असा नियम होता की खातं 10 टक्के घसरलं की ते 20 टक्के घसरल्यासारखं मानून आकार ठरवायचा. घसरणीच्या दुप्पट वेगाने आकार कमी करायचा, हा त्याचा गाभा.

दुसऱ्या नियमाने सहाव्या सौद्यानंतर खातं 88.06 वर येतं आणि जोखीम निम्मी होते. सातवा जातो, पण 1.76 मध्ये सुटका होते. आठवा सौदा जिंकणारा होता. प्रत्यक्षात त्याने मला 8 दिले होते, या नियमाने फक्त 3.45 मिळतात आणि खातं 89.75 वर थांबतं. 90 ला पाव टक्का कमी. कागदावर करत असूनही तिथे माझा हात अडखळला. इतक्या जवळ आलं आहे तर 90 धरून 4 टक्के लावायला काय हरकत आहे, असं मनात आलंच. पण नियम पाळला. पुढचे सहा सौदे 2 टक्क्यांनी गेले, शिल्लक 79.5 झाली. शेवटचे तीन 1 टक्क्याने गेले. उरले 77.1, आणि शिखर गाठायला लागणार 30 टक्के.

17 सौदे, निकाल तेच. एका वाटेने 92 टक्के, दुसऱ्या वाटेने 58, तिसऱ्या वाटेने 30.

इथे मी खूश होऊन थांबणार होते, पण ताईने विचारलं, "आकार कमी केलास तर वर यायला वेळही जास्त लागेल ना? तो कुठे मोजलास?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि तोट्यानंतर जोखीम कमी करायला सांगणारे बरेच जण त्याच्यापाशी येतच नाहीत.

तोही मोजला. पद्धत पहिल्यासारखीच 40 टक्के जिंकते आहे असं धरलं, तर 4 टक्के जोखमीवर खातं सरासरी प्रत्येक सौद्याला 0.63 टक्क्याच्या चक्रवाढीने वाढतं, 2 टक्क्यांवर 0.36 आणि 1 टक्क्यावर 0.19. या वेगाने 63.2 वरून 4 टक्क्यांनी 100 गाठायला सुमारे 73 सौदे लागतात. 77.1 वरून पायऱ्यांच्या नियमाने 80 पर्यंत 19, 80 ते 90 ला 33, 90 ते 100 ला 17, असे सुमारे 69. म्हणजे वेळ जवळपास सारखाच. हळू चालायचं होतं, पण चालायचं अंतरच कमी होतं.

ही सरासरी आहे, प्रत्यक्षातली वाट यापेक्षा बरीच लांब किंवा आखूड निघू शकते. शिवाय पायऱ्यांच्या नियमाला किंमतही मोजावी लागते. समजा, सहाव्या सौद्यानंतर, 88 वरच पडझड थांबली असती. मग 4 टक्क्यांनी सरासरी 20 सौद्यांत शिखर गाठता आलं असतं, पायऱ्यांनी 23 लागले असते. छोटी घसरण झाली की दर वेळी हा थोडा उशीर सोसावा लागतो. आणि खातं 90 च्या आसपास खालीवर करत राहिलं तर मोठ्या आकाराने हरणं आणि छोट्या आकाराने जिंकणं असा त्रासदायक प्रकार होतो. आठव्या सौद्यात तो मला दिसलाच होता.

मग ही किंमत मोजायची कशासाठी? याचं उत्तर सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नुसतं 50 ला 100 लागतात या कोष्टकावरून ते निघत नाही. जो माणूस काटेकोरपणे शिलकीच्या ठरावीक टक्क्यानेच सौदा घेतो, त्याच्यासाठी 8 टक्क्यांचा एक विजय 4 टक्क्यांचे जवळपास दोन तोटे भरून काढतो, मग खातं 95 वर असो की 55 वर. टक्क्यांच्या मापात त्याचा चढ कुठेही जास्त तीव्र नसतो, फक्त लांब असतो. पद्धतीवर पूर्ण खात्री असेल तर जोखीम कमी करण्याचं कारण बरंच दुबळं होतं.

खात्री मात्र नसते. 17 पैकी 2 च सौदे जिंकल्यावर माझ्यासमोर दोन शक्यता होत्या. पद्धत अजून 40 टक्क्यांची आहे आणि नशीब वाईट होतं, किंवा बाजार बदलला आहे आणि ती आता 30 टक्क्यांची झाली आहे. 40 टक्क्यांच्या पद्धतीतही 200 सौद्यांमध्ये कुठेतरी सलग 9 तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे, म्हणजे ती मालिका एकटी काहीच सिद्ध करत नाही. आणि 30 टक्क्यांवर प्रत्येक सौद्यामागे सरासरी 0.1 जातो, म्हणजे पद्धत तोट्याचीच ठरते. या दोन्हींमधला फरक किती सौद्यांनी कळेल ते पाहिलं. 60 सौद्यांतसुद्धा जिंकण्याचं प्रमाण नुसत्या योगायोगाने 6 टक्के इकडेतिकडे सहज होतं. मग 17 सौद्यांवरून काय कळणार?

म्हणून मी आणखी एक मांडणी केली. समजा, पद्धत खरोखरच 30 टक्क्यांवर आली आहे आणि ते मला 60 सौद्यांनी कळतं. 63.2 वरून 4 टक्के लावत राहिले तर तोवर सरासरी 45.5 उरतात, म्हणजे भरपाईची गरज 58 वरून 120 टक्क्यांवर जाते. 77.1 वरून 1 टक्का लावत राहिले तर 72.2 उरतात आणि गरज 30 वरून 38 च्या थोडी वर जाते. तेच अज्ञान, तेवढेच 60 सौदे. पद्धत चालते आहे की नाही हे कळायला पैसे लागतात, आणि ते कमी आकाराने मिळवलं तर स्वस्तात मिळतं. पद्धत शाबूत निघाली तर गमावतो तो थोडा वेळ. ती बिघडलेली निघाली तर वाचतं ते असं भांडवल, जे परत उभं करायला तीन आकडी टक्के लागले असते. मला पटलेलं कारण हे आहे.

मी परत सुरू केलं तेव्हा पहिलीच अडचण आली. माझ्याकडे 77 नव्हते, 52 होते. शिखर 100 धरून नियम लावला तर 80 येईपर्यंत 1 टक्काच लावायचा, आणि त्या वेगाने 52 वरून 80 ला सरासरी 228 सौदे लागतात. इतक्या खोल गेल्यावर तो नियम उपयोगाचा राहत नाही, तो घसरण सुरू होतानाच लागू असायला हवा. शेवटी मी 52 हेच नवं शिखर मानलं, मूळ जोखीम 4 ऐवजी 2 टक्के ठेवली आणि पायऱ्या त्याच पातळ्यांवर, पण निम्म्या जोखमीने ठेवल्या. जुने 100 नियमातून काढून टाकले. हा निर्णय मनाला लावून घ्यायला गणितापेक्षा जास्त वेळ गेला. त्या 48 चं माझ्यावर कुणाचं देणं नव्हतं, तरी दर सौद्यात ते वसूल करायची घाई मला मोठा आकार घ्यायला लावत होती.

चालवताना दोन गोष्टी अडल्या. एक म्हणजे, मध्ये मी खात्यात 5 भरले आणि भरपाईचा रकाना एकदम सुधारला. कमाई शून्य, आणि घसरण भरल्यासारखी दिसली. आता पैसे भरले किंवा काढले की शिखराचा आकडाही त्याच प्रमाणात बदलते. हातातले 50, शिखर 54 असताना 5 भरले तर शिखर 59.4 होतं, म्हणजे घसरणीचा टक्का तोच राहतो. हे केलं नाही तर खालची पायरी लागू व्हायच्या वेळी होत नाही.

दुसरी अडचण लॉटची, म्हणजे एका सौद्यात घ्यावाच लागणाऱ्या किमान आकाराची. 1 टक्क्याच्या पायरीवर खातं इतकं लहान असतं की कधीकधी एका लॉटचा स्टॉपलॉससुद्धा 1 टक्क्याहून मोठा निघतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी स्टॉपलॉस जवळ ओढून हिशेबात बसवला. तो बाजाराच्या नेहमीच्या हलण्यातच लागला, आणि किंमत नंतर लक्ष्यापर्यंत गेली. आकार बसत नसेल तर आता तो सौदा सोडते. आणि स्टॉपलॉस लागेल त्याच भावाला लागेल असंही नसतं. बाजार गॅपने, म्हणजे आदल्या भावापासून उडी मारून उघडला तर 1 च्या जागी 2 जातात. पायऱ्यांचे सगळे आकडे ते होणार नाही असं गृहीत धरून काढलेले आहेत, म्हणून 90 ची पायरी मी प्रत्यक्षात 91 ला लावते.

काल संध्याकाळी नोंद केली तेव्हा शिल्लक 60.8 होती आणि नवं शिखर 63.4. घसरण 4.1 टक्के, भरपाईची गरज 4.3. दोन आकडे अजून जवळजवळ आहेत, म्हणून पुढच्या सौद्याला पूर्ण 2 टक्के, म्हणजे 1.22 लावले आहेत. शिल्लक 57.7 च्या खाली गेली की निम्मे लावणार, आणि ते सौद्याच्या वहीत आत्ताच लिहून ठेवलं आहे.